स्वाती पगार, क्वांटिटी सर्व्हेअर
सिडको, नाशिक. सिव्हिल डिप्लोमा, 2017. अनुभव 7 वर्षे.

ठेकेदाराची बिले: हे माझे मुख्य काम. गंगापूर रोडवरील सात मजली इमारतीची प्रत्येक आर.ए. बिल मोजमाप पुस्तकाशी ताडते. आधीची देयके, अनामत आणि साइटवरून दिलेल्या सिमेंट-स्टीलची वजावट पाहूनच सही करते.

साइट मोजणी: ठेकेदाराच्या माणसासमोर, आयएस 1200 प्रमाणे. प्लास्टरमध्ये 0.5 चौ.मी.पर्यंतच्या उघड्या भागाची वजावट नाही, 0.5 ते 3 चौ.मी.साठी एकाच बाजूची. स्लॅबचे स्टील काँक्रीट ओतण्याआधीच मोजते, नंतर ते दिसत नाही.

बीओक्यू: ड्रॉइंगवरून, एक्सेलमध्ये.

दर विश्लेषण: साहित्य, मजुरी, वाहतूक, वेस्टेज वेगळे मांडून, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशी तुलना.

भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी. रुजू होण्यास एक महिना.