हातउसन्या रकमेच्या परतफेडीचे वेळापत्रक

मानेवाडा, नागपूर
दि. २२ जून २०२५

ती. मामाजींस,
सा. नमस्कार.

गेल्या महिन्यात आर्वीला आलो असताना तुम्ही पैशांचा विषय काढला नाहीत, आणि मलाही तो काढण्याचे धैर्य झाले नाही. परतीच्या एसटीत मात्र सारखे वाटत राहिले की ज्याने पैसे घेतले त्यानेच आधी बोलायला हवे होते. म्हणून आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तुमच्याकडून घेतलेले पैसे कोणत्या महिन्यात किती आणि कसे परत करणार, ते या पत्रात तारखेनिशी लिहून देत आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तुम्ही तुमच्या बँक खात्यातून माझ्या खात्यात १,८०,००० रुपये पाठवलेत. त्यांपैकी जानेवारीत ५,००० आणि फेब्रुवारीत ४,००० रुपये मी बँकेमार्फत परत केले. एप्रिलमध्ये लग्नाच्या मांडवात जो लिफाफा तुमच्या हातात दिला त्यात माझ्या समजुतीप्रमाणे ३,००० रुपये होते, परंतु तुमच्या वहीत २,००० लिहिलेले आहेत. लिफाफा चिकटवण्यापूर्वी मी नोटा पुन्हा मोजल्या होत्या की नाही, हे मला खरोखरच आठवत नाही, त्यामुळे तुमच्या वहीतील आकडाच मी धरतो. म्हणजे आजवर ११,००० रुपये फिटले आणि १,६९,००० रुपये बाकी आहेत.

तो लिफाफा देणे तसेही चुकीचेच होते. आयकर कायद्यानुसार २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेता येत नाही, आणि बाकी तेवढी असेल तर ते रोखीने फेडताही येत नाही. हप्ता लहान असला किंवा व्यवहार मामा-भाच्यातला असला तरी यातून सूट मिळत नाही, असे आमच्या कार्यालयातील लेखापालांनी सांगितले. म्हणून यापुढचा प्रत्येक रुपया खात्यातून खात्यातच जाईल.

आता हप्ता किती, याचा हिशेब. सर्व कपाती होऊन माझ्या हातात महिन्याला ३८,४०० रुपये येतात. त्यातून घरभाडे ९,५००, किराणा, दूध व भाजी ८,०००, मुलीची शाळा आणि शाळेची गाडी ४,२००, दुचाकीचा हप्ता ३,१५०, पेट्रोल २,५००, वीज, गॅस व मोबाइल मिळून १,९००, आईची औषधे १,८०० आणि विम्याचा हप्ता १,४५० असे ३२,५०० रुपये जातात. उरतात ५,९००.

मी पहिल्यांदा कागदावर ५,५०० चा हप्ता लिहिला होता. सौ.ने कपाटातून मागच्या एप्रिल आणि मे महिन्यांची विजेची बिले काढून त्या कागदावर ठेवली. दोन कूलर दिवसरात्र चालल्याने दोन्ही बिले नेहमीपेक्षा बाराशेच्या वर अधिक आली होती. विदर्भातील शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, तेव्हा वह्या-पुस्तके आणि गणवेशाचा खर्चही एकदम येतो. हा खर्च धरला नाही तर मे-जूनचा हप्ता हमखास चुकणार, हे तिचे म्हणणे मला मान्य करावे लागले, आणि हप्ता ४,५०० वर आला. उरलेले १,४०० रुपये दरमहा वेगळ्या खात्यात पडून राहतील, आणि उन्हाळा व शाळा त्यातूनच निभावायची असे ठरले आहे.

दुचाकीचा शेवटचा हप्ता डिसेंबर २०२५ मध्ये संपतो. तेथून सुटणाऱ्या ३,१५० रुपयांपैकी ३,००० तुमच्या हप्त्यात मिळवीन. त्यानुसार वेळापत्रक असे राहील :

जुलै ते डिसेंबर २०२५ : दरमहा ४,५०० रुपये, ६ हप्ते, एकूण २७,०००. बाकी १,४२,०००.
जानेवारी ते डिसेंबर २०२६ : दरमहा ७,५०० रुपये, १२ हप्ते, एकूण ९०,०००. बाकी ५२,०००.
जानेवारी ते जून २०२७ : दरमहा ७,५०० रुपये, ६ हप्ते, एकूण ४५,०००. बाकी ७,०००.
जुलै २०२७ : शेवटचा, पंचविसावा हप्ता ७,००० रुपये.

आमचा पगार १ तारखेला होतो, पण कधी कधी ४ तारीख उजाडते, म्हणून हप्त्याची तारीख ७ ठेवली आहे. माझ्या बँकेत तशी कायमची सूचना देऊन ठेवली आहे, त्यामुळे माझ्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून नाही. ७ सप्टेंबर आणि ७ डिसेंबरला रविवार आहे, तेव्हा रक्कम एखादा दिवस उशिरा दिसली तर काळजी करू नये. मामींनी तीन महिन्यांतून एकदा पासबुक भरून आणले की माझ्या वहीशी ताळा करता येईल.

दिवाळीचा बोनस मी या हिशेबात मुद्दामच धरलेला नाही, कारण गेल्या वर्षी तो दिवाळी उलटून महिन्याने मिळाला. तो मिळाल्यास त्यातील अर्धी रक्कम तुम्हाला पाठवीन आणि ती शेवटच्या हप्त्यांतून वजा करू. पुढच्या महिन्याचा हप्ता मात्र त्यामुळे थांबणार नाही. पगार रखडला किंवा नोकरीत काही कमी-जास्त झाले, तर ७ तारखेच्या आत मी स्वतः फोन करीन. त्या महिन्यात निदान २,००० रुपये पाठवीन आणि राहिलेली रक्कम पुढील तीन हप्त्यांत विभागून देईन. उलट तुम्हालाच मध्येच मोठी रक्कम लागली, तर दोन महिने आधी सांगावे. आमच्या कर्मचारी पतसंस्थेतून कर्ज काढून तेवढी सोय मी करू शकेन. आजच ते कर्ज काढून तुमचे सगळे फेडावे असाही विचार केला होता, पण मग व्याजासकटचा हप्ता घरखर्चाला झेपत नाही.

व्याजाचे नाव काढले की तुम्ही रागावता, म्हणून व्याज म्हणत नाही. परंतु माझ्यासाठी तुम्ही मुदत ठेव चार महिने आधी मोडलीत आणि त्यात सुमारे ४,८०० रुपये कमी मिळाले, हे मामींकडून मला कळले आहे. तेवढी भरपाई ऑगस्ट २०२७ मध्ये वेगळी पाठवण्याची परवानगी द्यावी. ही माझी विनंती आहे, वरच्या वेळापत्रकाचा ती भाग नाही.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना थोडे अवघडल्यासारखे होते. उसन्या पैशांच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि ती मुदत संपण्यापूर्वी घेणाऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली तर त्या तारखेपासून मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. आपल्यात तशी वेळ येणार नाही, तरी १,६९,००० रुपये देणे असल्याची माझी कबुली म्हणून हे पत्र तुमच्याजवळ राहू द्यावे. सौ.लाही हे वेळापत्रक पूर्ण माहीत आहे आणि खाली तिचीही सही आहे. माझ्या जिवाचे काही बरेवाईट झाल्यास विम्याच्या रकमेतून आधी तुमची बाकी द्यायची, हे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

पत्राच्या दोन प्रती पाठवत आहे. आकडे तुमच्या वहीशी जुळत असतील तर एका प्रतीवर सही करून ती परत पाठवावी, आणि जुळत नसतील तर पेन्सिलीने खूण करावी. पहिला हप्ता ७ जुलैला निघेल, त्यासाठी उत्तराची वाट पाहणार नाही.

आई आता काठीशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. मामींना नमस्कार.

आपला भाचा
(माझी व सौ.ची सही)