दादरच्या मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट: ४०४चं पान आणि बारीकसारीक मजकूर

(दुकान ग्राहकाला 'तुम्ही' म्हणतं, स्वतःला 'आम्ही'. कंसातलं डेव्हलपरसाठी, बाकी सगळं जसंच्या तसं स्क्रीनवर.)

पान सापडलं नाही

प्लॅटफॉर्म चुकला!

दादरला पूर्वी पश्चिम आणि मध्य, दोन्हीकडे १ नंबरचा प्लॅटफॉर्म होता. 'एक नंबरवर भेट' म्हटलं की एक जण इकडे, दुसरा तिकडे. डिसेंबर २०२३पासून नंबर सलग झाले, १ ते १४. आम्हीही आमची पानं नव्यानं लावली, त्यात तुम्ही उघडलेला पत्ता राहून गेला.

तुमचं काही चुकलेलं नाही. काय हवं होतं?

बटणं: गोडा मसाला · मेतकूट आणि भाजणी · कोकम, आगळ · सगळं दुकान दाखवा

खाली बारीक: इथेही नाही मिळालं तर व्हॉट्सअ‍ॅप करा. सकाळी १० ते रात्री ८, सोमवारी बंद.

(गंमत कितीही केली तरी सर्व्हरनं 404च पाठवायचा. 200 गेला तर गुगलला हे खरंखुरं पान वाटतं. आणि ज्या जुन्या पत्त्यांचं नवं पान आहे, त्यांना इथे आणूच नका, थेट वळवा:

```
Redirect 301 /metkoot /metkut
```

विनोद वाचायला लागू नये हेच बरं.)

सर्व्हर बंद असताना

आमच्याकडे बिघाड झालाय, तुमच्या नेटमध्ये नाही. वायफाय बंद-चालू करू नका. थोड्या वेळानं पुन्हा या, किंवा सरळ दुकानात फोन करा. माणसं चालू आहेत.

पिशवी रिकामी

पिशवीत खडखडाट आहे. निदान मेतकूट तरी टाका. मऊ भात आणि तूप तुमच्या घरी असेलच.

(वेबसाइटभर 'पिशवी'च म्हणायचं. एका पानावर कार्ट, दुसऱ्यावर बास्केट असं नको.)

घरपोच खर्चाची पट्टी

अजून १२० रुपयांचं घेतलंत तर घरपोच फुकट. नको असेल तर राहू द्या, ४० रुपये पडतील.

पत्ता भरताना

जवळची खूण: 'बँकेच्या समोर' चालेल, पण कुठल्या बँकेच्या तेवढं लिहा.

पिनकोड चुकल्यावर: पिनकोडला ६ आकडे लागतात. दादर पश्चिम असेल तर 400028, पूर्व असेल तर 400014. पूर्व-पश्चिम चुकलं की डिलिव्हरीवाल्याला पूल ओलांडायला लागतो.

माल संपला

मालवणी मसाला संपला. नवा करायचा तर मिरची कडकडीत वाळायला हवी, ती वाळते उन्हाळ्यात. त्या दिवसांत लालबागच्या मिरची गल्लीतून नुसतं चालत गेलं तरी शिंका येतात. पावसाळ्यात घाईनं केलेला मसाला आम्ही विकत नाही. नंबर देऊन ठेवा, तयार झाला की कळवू.

बटण: तयार झाला की सांगा

पैसे अडकले

पैसे भरले गेले नाहीत. ऑर्डर झालेली नाही.

यूपीआयनं भरताना खात्यातून रक्कम कापली गेली असेल, तर ती ५ दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नाही आली तर बँकेला व्यवहाराचा नंबर द्या. आम्हालाही कळवा, आमच्या बाजूनं तपासून सांगू.

बटण: पुन्हा भरा

(इथे एकही विनोद नको. शेटजींनी सुचवलेली 'पैसा झाला खोटा' ही ओळ मी काढली आहे. ज्याचे ९०० रुपये अडकलेत त्याच्या डोक्यात तिडीक जाईल. इथे फक्त तीन गोष्टी: ऑर्डर झाली का, पैसे कुठे आहेत, पुढे काय करायचं.)

ऑर्डर झाली

मिळाली ऑर्डर. उद्या दुपारपर्यंत बांधून निघेल.

पावसाळ्यात त्याखाली: हिंदमाताला पाणी भरलं तर उशीर होईल. पुडा आतून प्लॅस्टिकमध्ये बांधलेला असतो, मसाला भिजणार नाही.

अभिप्राय

कशी झाली आमटी? नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा, फक्त काय बिनसलं ते लिहा: तिखट कमी, मीठ जास्त, की पुडाच फुटला?

ईमेल बंद करताना

निघालात? 'येतो' म्हणा, 'जातो' नको. यापुढे सणावारी आमचं पत्र येणार नाही. ऑर्डरची पावती मात्र येत राहील.

बटण: ईमेल बंद करा

(बटणावर गमतीचे शब्द घालायचे नाहीत. 'नका ना जाऊ' असलं दुसरं बटण तर मुळीच नको. एका क्लिकमध्ये बंद.)