माल परत करणे आणि वॉरंटी: आमचे नवे नियम

(तांब्या-पितळेची भांडी, कसबा पेठ, पुणे)

आमच्या जुन्या नियमांत ‘विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही’ अशी ओळ होती. दुकानात भांडं वाजवून, वजन करून घेणाऱ्याला ती चालून गेली असती. फोटो बघून पैसे भरणाऱ्याला ती लावणं बरोबर नाही, म्हणून काढली.

परत कधी करता येईल

भांडं हातात पडल्यापासून १० दिवसांत, न वापरलेलं. पाणी भरून गळतं का ते पाहिलंत, तर तो वापर धरणार नाही. ते पाहायलाच हवं. गॅसवर चढवलं की मात्र वापरलं.

फुटकं, गळकं, चुकीचं किंवा सांगितलेल्या वजनापेक्षा २ टक्क्यांहून जास्त हलकं निघालं, तर नेण्या-आणण्याचा सगळा खर्च आमचा. फोटो पुरे, खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागणार नाही. नुसतं आवडलं नाही, तर परतीच्या कुरिअरचे पैसे तुमचे: पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ८० रुपये, बाहेर १५० रुपये.

भांडं आमच्याकडे पोचल्यावर ५ दिवसांत पैसे परत, ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने. रोख दिले असतील तर यूपीआयवर. ‘त्याऐवजी दुसरं काहीतरी घ्या’ असा आग्रह करणार नाही.

नाव कोरलेलं भांडं परत घेत नाही, कारण ते दुसऱ्याला विकता येत नाही. नाव आम्हीच चुकवलं किंवा भांड्यात दोष असला, तर घेतो.

ठोक्यांचे ठसे हाताचे असतात, दोन भांड्यांवर सारखे येत नाहीत. तांबं काळवंडतंही. हे दोष नव्हेत. चिंच-मीठ लावून घासलं की चकाकतं.

वॉरंटी

सांध्यातून गळती: २ वर्षं. पिंपाची तोटी: १ वर्ष. कल्हई: ६ महिने.

कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं पातेलं गॅसवर विसरलं की ते गोळा होऊन तळाला जमतं, बघताक्षणी कळतं. अशी कल्हई, तारेच्या घासणीने खरवडलेली कल्हई आणि पडून आलेला पोचा वॉरंटीत नाही. दुरुस्ती तरी करून देऊ. मजुरी आधी सांगू, तुम्ही हो म्हटल्यावरच हात लावू.

वॉरंटीतली दुरुस्ती १५ दिवसांत. त्याच जागी दोनदा दुरुस्त करूनही गळलं, तर नवं भांडं किंवा पूर्ण पैसे. काय हवं ते तुम्ही ठरवा. वॉरंटी भांड्याची आहे, घेणाऱ्याची नाही. रुखवतात दिलेलं असलं तरी ऑर्डर नंबरावर चालते.

तक्रार

ऑर्डरचा मेसेज ज्या व्हॉट्सॲप नंबरवरून आला, त्यावरच लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल देणं आम्हाला बंधनकारक आहे. नाहीच जमलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५.

जुन्या ऑर्डरींना जुन्या-नव्यापैकी तुमच्या फायद्याचा नियम लागू.