विषय: माझं मेडिकल सर्टिफिकेट मॅनेजरनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकल्याबद्दल तक्रार

मॅडम नमस्कार,

मी क्वालिटीच्या स्पेक्ट्रो लॅबमधला अमोल. परवा गेटवर तुम्हाला बोलायचं होतं पण तुम्ही ऑडिटवाल्यांबरोबर होता आणि तसंही हे तोंडी सांगून उपयोग नाही, कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून मेल करतोय. जरा लांब झालाय, वाचून घ्या.

मला फिटचा आजार आहे, डॉक्टरी भाषेत एपिलेप्सी. कॉलेजपासून गोळ्या चालू आहेत. शेवटची फिट आली त्याला दोन वर्षं सात महिने झाले, ती पण घरी. झोप मोडली की माझा त्रास वाढू शकतो म्हणून न्यूरोच्या डॉक्टरांनी नाईट शिफ्ट नको असं सर्टिफिकेट दिलं. मागच्या महिन्यात मी तुमच्याच डिपार्टमेंटला विचारलं तर शिफ्ट बदलाच्या फॉर्मवर मॅनेजरची सही लागते असं सांगितलं, म्हणून ते सर्टिफिकेट मी आमच्या मॅनेजर साहेबांना पाकिटात घालून दिलं. केबिनचं दार लावून सांगितलं पण होतं, साहेब हे तुमच्यात आणि एचआरमध्ये राहू दे. ते म्हणाले, "अरे काय टेन्शन घेतोस."

नंतर झालं काय, माझी नाईट बंद झाली तर साहजिकच बाकीच्यांच्या नाईट वाढल्या आणि कुरकुर सुरू झाली. ती कुरकुर चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, माझ्या वाटणीच्या नाईट दुसऱ्यावर पडल्या की मला पण राग आला असता. पण त्यावर साहेबांनी 12 तारखेला सकाळी 9 वाजून 40 मिनिटांनी शिफ्ट प्लॅनिंगच्या ग्रुपवर माझ्या सर्टिफिकेटचा फोटोच टाकला. आजाराचं नाव, गोळीचं नाव, डोस, सगळं वाचता येतंय. खाली लिहिलंय, "नाईटवरून कुणी कटकट करायची नाही, अमोलचं कारण हे आहे." ग्रुपमध्ये 38 जण आहेत, त्यातले सहा तर कॉन्ट्रॅक्टवरचे, म्हणजे महिना दोन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत जाणार. दुपारी कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी मेसेज डिलीट केला, पण तोवर फोटो कितीतरी जणांच्या गॅलरीत जाऊन बसलेला. स्क्रीनशॉट सोबत जोडलाय.

मी विचारायला गेलो तर म्हणाले, तुझ्या भल्यासाठीच केलं, उद्या कुठं पडलास तर लोकांना माहिती नको का? आता हा मुद्दा मला पटतो म्हणूनच तर जॉइन झाल्यापासून माझ्या लॅब पार्टनरला मी स्वतः सांगून ठेवलंय. काय करायचं ते त्याला पाठ आहे, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर 108 ला फोन. त्याच्याशिवाय आणखी एकाला सांग असं साहेब म्हणाले असते तर मीच सांगितलं असतं. 38 जणांना गोळीचा डोस कळून कुणाचा जीव वाचणार आहे? आणि फोटो टाकताना खाली यातलं एक अक्षर नव्हतं, फक्त कटकट बंद करायची होती.

त्यानंतर काय चाललंय ते सांगतो. परवा लॅबचा ड्रॉवर उघडला तर कॅलिपरच्या शेजारी कांदा ठेवलेला. मी विचारलं हे काय, तर हेल्पर पोरगं बिचारं खरंच काळजीनं म्हणालं, "दादा, तुमास्नी काय झालं तर हुंगवायला ठेवलाय." त्याच्यावर माझा काडीचा राग नाही. पण कॅन्टीनमध्ये मी गेलो की बोलणं थांबतं त्याचं काय करू. मी बाईक का चालवत नाही हे चार वर्षं "आवड नाही" म्हणून निभावून नेलं होतं, आता कंपनीच्या बसमध्ये चढलो की मागनं कुणीतरी काहीतरी बोलतं आणि बाकीचे हसतात.

घरचं तर विचारूच नका. आमच्या पेठेतला एकजण त्याच ग्रुपमध्ये आहे. आठ दिवसांत गोष्ट गल्लीत आली आणि गडहिंग्लजकडचं एक स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं, त्यांचा फोन बंद झाला. मुलीला सगळं सांगायचं माझं ठरलंच होतं, समोर बसून, माझ्या तोंडानं, आणि ती नको म्हणाली असती तरी चाललं असतं. लग्नाच्या कायद्यातनं फिटची अट 1999 मध्येच काढलीय, पण आमच्या पेठेत अजून ती बातमी पोचली नाही. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

आणि सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे सोमवारपासून मला स्पेक्ट्रोवरनं काढून फायली लावायला बसवलंय. भट्टीजवळ मी तसाही जात नव्हतो, सॅम्पल हेल्परच आणतो, मी कॉइन घासून मशीनवर लावतो आणि कार्बन-सिलिकॉन बघून मेल्टिंगला रिपोर्ट देतो. यात धोका कुठला? कुठल्या डॉक्टरला विचारलं? मलाही कुणी विचारलं नाही.

मला काय पाहिजे ते स्पष्ट सांगतो. ग्रुपमधल्या सगळ्यांना कंपनीकडनं लेखी सूचना जाऊ दे की तो फोटो फोनमधनं काढायचा, पुढं पाठवायचा नाही, पाठवला तर कारवाई होईल, आणि त्या सूचनेत माझ्या आजाराचं नाव परत लिहू नका. साहेबांची रीतसर चौकशी व्हावी, बोलावून "जरा सांभाळून घ्या" एवढ्यावर मिटवू नये. चौकशी चालू असेपर्यंत माझी शिफ्ट, रजा आणि यंदाचं अप्रेजल दुसऱ्या कुणाकडं तरी द्या, कारण तक्रार केली म्हणून नंतर वचपा निघतो हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. मला स्पेक्ट्रोवर परत घ्या, शंका असेल तर कंपनीच्या डॉक्टरांकडनं फिटनेस तपासा, मी उद्या यायला तयार आहे. आणि मेडिकलचे कागद यापुढं थेट एचआरकडं घ्या, मॅनेजरला फक्त "नाईट नको" एवढंच कळवा, कारण कळायची त्यांना गरज नाही.

मी काय वकील नाही. पण सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं आणि 2023 मध्ये डेटा प्रोटेक्शनचा कायदा आला, एवढं मलाही माहितेय. शिफ्ट बदलायला दिलेला कागद लोकांची तोंडं बंद करायला वापरायचा नसतो, हे कळायला कायदा पण लागू नये. बाहेर कुठं जायची मला हौस नाही, कंपनी चांगली आहे, काम आवडतं. पण सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मला लेबर ऑफिस आणि वकील दोन्हीकडं जावं लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

हा मेल तुमच्याशिवाय कुणाला फॉरवर्ड करायचा असेल तर आधी मला विचारा.

आपला,
अमोल
स्पेक्ट्रो लॅब, क्वालिटी

ता.क. बोलवणार असाल तर तुमच्या केबिनमध्ये नको, ती काचेची आहे आणि समोरच पंचिंगची लाइन लागते. वरच्या ट्रेनिंग रूममध्ये बसू, शिफ्ट सुटल्यावर साडेतीननंतर कधीही.