ऑफर लेटरप्रमाणे ठरलेले तीन महिन्यांचे विद्यावेतन मिळण्याबाबत

वाळपई, सत्तरी – गोवा
दि. ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. प्रमुख वास्तुविशारद,
पणजी कार्यालय

महोदय,

स. न. वि. वि.

२ जून ते ३० ऑगस्ट २०२५ या काळात मी आपल्या कार्यालयात इंटर्न होते. २८ मेच्या ऑफर लेटरमध्ये दरमहा १२,००० रुपये विद्यावेतन, पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत खात्यात जमा, असे स्पष्ट लिहिले आहे. त्याखाली आपली सही आहे आणि माझीही. तीन महिन्यांचे ३६,००० रुपये झाले. त्यातला एक रुपयाही मला अद्याप मिळालेला नाही.

१० जुलै आणि ११ ऑगस्टला मी ईमेल केले. दोन्हींना उत्तर आले नाही. १५ सप्टेंबरला फोन केला तेव्हा अकाउंट्समधून सांगण्यात आले, "क्लायंटचे बिल सुटले की बघू." सर, क्लायंटच्या बिलाचा उल्लेख ऑफर लेटरमध्ये कुठेही नाही. ती अट आधी सांगितली असती तर मी विचार करून होकार दिला असता.

कामाबद्दल आपली तक्रार असल्याचे मला कोणी कधी सांगितले नाही. मळ्यातल्या त्या जुन्या घराची मोजणी आम्ही दोघींनी भर जुलैच्या पावसात केली. छप्पर गळत होते, टेपचे एक टोक मी धरायचे आणि आकडे वहीत उतरताना वर छत्री धरावी लागायची. त्याची अकरा ड्रॉइंग मी काढली आणि आपण ती क्लायंटसमोर मांडली. ३० ऑगस्टच्या प्रमाणपत्रात काम "समाधानकारकरीत्या पूर्ण" केल्याचे आपणच लिहिले आहे.

वाळपईहून रोज येणे-जाणे जमत नव्हते, म्हणून विद्यावेतनाच्या भरवशावर मी पणजीत खोली घेतली. तिन्ही महिन्यांचे भाडे शेवटी बाबांनी भरले. चवथीला घरी गेले तेव्हा मी त्यांना "पुढच्या आठवड्यात देते" असे सांगितले होते.

आपल्याकडे मला पुष्कळ शिकायला मिळाले, साइटवर आपण स्वतः वेळ काढून समजावत होता, त्याची मला जाणीव आहे. म्हणूनच आधी आपल्यालाच लिहीत आहे. पण शिकायला मिळाले म्हणून ठरलेली रक्कम सोडून द्यावी, हे मला मान्य नाही.

कृपया ३६,००० रुपये शुक्रवार, १७ ऑक्टोबरपर्यंत जमा करावेत. खाते क्रमांक जॉइनिंग फॉर्मवर आहे, तो बदललेला नाही. काही अडचण असल्यास त्याच तारखेपर्यंत लेखी कळवावे. दोन हप्त्यांत देणार असाल तरी चालेल, मात्र दोन्ही तारखा लेखी हव्यात. तसे न झाल्यास हा विषय महाविद्यालयाच्या प्रशिक्षण समन्वयकांकडे नेईन आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या आधारे वकिलामार्फत नोटीस पाठवीन. ती वेळ येऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
वैदेही

सोबत: ऑफर लेटर, प्रमाणपत्र व दोन्ही ईमेलच्या प्रती