उधारीची वही

(एकपात्री प्रवेश, माध्यमिक गट. स्थळ : रत्नागिरीचा मिरकरवाडा बंदर. वेळ : १ ऑगस्टची पहाट. निळ्या ताडपत्रीखाली एक स्टोव्ह, बिडाचा तवा, घावनाच्या पिठाचे पातेले आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीचा टोप. साठीच्या घरातील आजी तवा पुसत आहे. दूरवर लाँचींची इंजिने घरघरू लागली आहेत.)

ऐकलेत? दोन महिन्यांनी हा आवाज कानावर येतो आहे. १ जूनला बंदी लागली की यांत्रिक नौका बंदरात उभ्या राहतात, खलाशी आपापल्या गावी जातात आणि माझा तवा पालथा पडतो. काल ३१ जुलै सरला. आज समुद्र थोडा खवळलेला आहे, पण पोट असलेल्या माणसाने किती दिवस वाट पाहायची?

(कांद्याच्या कापाने तव्यावर तेल फिरवते, पीठ ओतते.)

पहिले घावन नेहमी तव्याला चिकटते. ते कावळ्याचे. दुसऱ्यापासून जाळी पडते.

तर माझी अडचण सांगते. मला अक्षर येत नाही, हे या बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझी उधारी कधी बुडाली नाही, कारण माझी वही मी चित्रांनी लिहीत असे. तांडेलाच्या पानावर सुरमई, बर्फाच्या गाडीवाल्याच्या पानावर चौकोन, जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याच्या पानावर गाठ मारलेली दोरी, आणि नेपाळहून आलेल्या त्या पोरसवदा खलाशाच्या पानावर एक डोंगर. खाली प्रत्येक प्लेटेची एक उभी रेघ, आणि चार झाल्या की पाचवी आडवी. बँकेतल्या साहेबालाही इतक्या लवकर बेरीज जमली नसती. (थांबून) म्हणजे, मी त्याला विचारलेले नाही.

यंदा पावसाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे माझ्या सुट्टीत, सहावीतल्या नातीला माझी दया आली. "आजी, तुझी वही ओली होऊन फाटली आहे, मी तुला नवी करून देते," म्हणाली. आठ दिवस संध्याकाळी कंदिलासारखा मान खाली घालून बसलेला तो जीव! एकेक चित्र दाखवून "हा कोण, हा कोण" असे विचारून तिने सगळी नावे सुवाच्य अक्षरांत लिहिली, आकडे मांडले, लाल पेनने रेघा आखल्या. आणि जुनी वही? जुनी वही तिने चुलीत घातली, कारण पावसात लाकडे पेटत नव्हती.

(पिशवीतून नवी वही काढते. उघडते, उलटी धरते, पुन्हा सुलटी करते.)

किती देखणी आहे! आणि मला यातले काही कळत नाही. चाळीस पाने मुंग्यांनी भरलेली आहेत. माझा सगळा पैसा यात आहे आणि मी त्याच्या दाराशी किल्लीवाचून उभी आहे. पोरीला बोलावले असते, पण तिला सातची एसटी गाठायची असते. आणि खरे सांगू का, तिने केलेल्या कामात मला खोट काढायची नाही.

(डोळे बारीक करून पाहते.)

कोण आहे तिकडे? भगवती किल्ल्याच्या दीपगृहाचा झोत फिरला तेव्हा चेहरा दिसला. अरे, तू! गावाहून कधी आलास? रात्रीच्या गाडीने? ये, बस. पहिले कावळ्याचे झाले, हे दुसरे तुझे.

(ताटली पुढे करते, मग हात मागे घेते.)

थांब. तुझी भाषा वेगळी असली, तरी अक्षरे हीच असतात ना रे? मग हे वाच बघू. सगळी वही नको. फक्त तुझे पान शोध आणि आकडा मोठ्याने सांग.

(ऐकते.)

सव्वीस? माझ्या डोक्यात तर बावीस आहेत. पाच-पाचचे चार गट आणि वर दोन. पुन्हा वाच. सव्वीसच? बाबा, आकडा तुझ्या विरुद्ध जातो आहे आणि तू तसाच वाचतो आहेस, म्हणजे तू एक तर भाबडा आहेस, नाहीतर माझ्या नातीचे गणित कच्चे आहे. (विचार करून) की मी शिमग्याच्या बाजारात गेले होते, त्या दिवशी ती इथे बसली होती? बसली होती. चार प्लेटा त्याच दिवशीच्या का? मान काय हलवतोस, तोंडाने सांग.

(हसते, ताटली त्याच्या हातात देते.)

बरे, सव्वीस. आणि आजची सत्ताविसावी. पेन दे इकडे. नाही, तू लिहू नकोस. तुझ्या नावापुढे डोंगर मी काढते.

(जीभ बाहेर काढून, सावकाश, वहीत एक छोटा डोंगर काढते. दूर भोंगा वाजतो.)

खा लवकर. आणि खाता खाता पुढचे पान उघड. तांडेल धक्का उतरून येतो आहे. तो इथे पोहोचण्याआधी त्याचा आकडा मला कळला पाहिजे.