विषय: मढ येथील विवाहसोहळा, 11-12 डिसेंबर 2026 – कार्यक्रम रद्द होण्याच्या विम्यासाठी कोटेशन

नमस्कार मॅडम,

काल फोनवर बोलल्याप्रमाणे तपशील पाठवतो आहे.

स्थळ मढ, मालाड पश्चिम. समुद्राला लागून असलेल्या खासगी रिसॉर्टचं लॉन (करारनामा सोबत जोडला आहे). शुक्रवार, 11 डिसेंबरला सकाळी हळद आणि रात्री संगीत. शनिवार, 12 डिसेंबरला सकाळी लग्न, संध्याकाळी रिसेप्शन. पाहुणे साधारण 900. मंडप उभारणी मंगळवार, 8 पासून सुरू होईल, त्यामुळे संरक्षण त्या दिवसापासून हवं.

एकूण बजेट 1 कोटी 86 लाख रुपये. त्यात जागेचं भाडं 28 लाख, मंडप-सजावट 44, केटरिंग 51, पाहुण्यांच्या खोल्या 24, साउंड-लाइट आणि कलाकार 19, फोटो-व्हिडिओ 8 आणि आमची फी 12 लाख. आजपर्यंत 61 लाख अ‍ॅडव्हान्स गेले आहेत. पैकी जागेचे 20 लाख कोणत्याही कारणाने परत मिळणार नाहीत. विम्याची रक्कम पूर्ण 1 कोटी 86 लाख धरा. कार्यक्रम पुढे ढकलला तर होणारा जादा खर्चही त्यात बसतो का, ते कळवा.

डिसेंबरात पाऊस कुठला, असं यजमान म्हणतात. 2017 च्या डिसेंबरात ओखी वादळाने मुंबई भिजवली होती, ते मी विसरलेलो नाही. सगळं उघड्यावर आहे, म्हणून प्रतिकूल हवामानाचं कलम हवंच. मार्वेकडून येणारा रस्ता बंद झाला आणि पाहुणे पोहोचूच शकले नाहीत, तर क्लेम बसेल का?

मुख्य प्रश्न मात्र सुतकाचा. तुमच्या नमुना पॉलिसीत 'जवळचे नातेवाईक' म्हणजे आईवडील, भावंडं, आजी-आजोबा एवढेच आहेत. आमच्याकडे चुलत घरात कोणी गेलं तरी सुतक लागतं आणि लग्न पुढे जातं. वराचे चुलत आजोबा 81 वर्षांचे आहेत. वधूच्या आजी 86 वर्षांच्या, गेल्या वर्षी हृदयविकारासाठी रुग्णालयात होत्या. हे आत्ताच सांगतो, नंतर 'माहिती लपवली' असं नको व्हायला. या दोघांची नावं पॉलिसीत घालता येतील का? येत नसतील तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे यजमानांना खोटी आशा दाखवायला नको.

मुलामुलीचं मन बदललं तर भरपाई नाही, हे त्यांना सांगून झालं आहे. साथीचे रोग आणि सार्वजनिक दुखवटा यांबद्दल काय अपवाद आहेत, तेवढं लेखी द्या.

प्रीमियम जीएसटीसह वेगळा दाखवा. सार्वजनिक दायित्वाचं कोटेशन स्वतंत्र चालेल. पुढच्या शुक्रवारपर्यंत मिळालं तर बरं. सोमवारी मंडपवाल्याचा दुसरा हप्ता जायचा आहे, आणि तोपर्यंत पॉलिसी सुरू झालेली असावी असं वाटतं.

आपला,
मंदार
इव्हेंट आयोजक, मालाड

सोबत: जागेचा करारनामा, खर्चाचा तक्ता, अ‍ॅडव्हान्सच्या पावत्या